पहिलं अक्षर मोठ्यानं ऐकू येतं म्हणजे आघात तिथंच असतो का?

प्रश्न: सर, मी परभणी जिल्ह्यात कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवते. २० मुलामुलींकडून ‘ऑब्जेक्ट’ हा शब्द एकदा नाम म्हणून आणि एकदा क्रियापद म्हणून, शब्दांच्या यादीतून वाचून घेतला आणि मोबाईलवर रेकॉर्ड केला. प्राट या आवाज मोजायच्या प्रोग्रॅममध्ये बघितलं तर दोन्ही वेळा पहिल्याच अक्षराचे डेसिबल जास्त, आणि पिच मात्र दुसऱ्या अक्षरावर वर गेलेली. मग ही मुलं आघात देतात तरी कुठं? मी नक्की काय मोजू?

उत्तर:

मॅडम, आधी डेसिबलचं बघू, घोटाळा तिथूनच सुरू झालाय. ‘ऑ’ म्हणताना जबडा खाली जातो, तोंड चांगलं उघडतं. ‘ए’ म्हणताना तेवढं उघडत नाही. गळ्यातून जोर सारखाच लावला तरी उघड्या तोंडातून आवाज जास्त बाहेर पडतो. म्हणून आ, ऑ हे स्वर ई, ऊ यांच्यापेक्षा मुळातच काही डेसिबलनी मोठे असतात आणि ‘ए’ यांच्या मधे कुठंतरी बसतो. त्यात भर म्हणजे सुटा शब्द म्हटला की शेवटाकडे श्वासाचा दाब उतरतो आणि दुसरं अक्षर आपोआप बारीक होतं. तुमचं पहिलं अक्षर मोठं यायला ही दोन कारणंच पुरेशी आहेत. आघात त्यात असेलही, नसेलही. या आकड्यावरून ते सांगता येणार नाही.

पिचची गत तशीच. यादी वाचताना आपण प्रत्येक शब्दाचा शेवट वर उचलतो आणि शेवटच्या शब्दाला खाली टेकवतो. किराणा दुकानात ‘साखर, तूरडाळ, हळद, मीठपुडा’ सांगणाऱ्या माणसाकडे कान द्या. तो वर उचललेला सूर यादीचा असतो, शब्दाचा नसतो. तुमच्या मुलांनी ‘ऑब्जेक्ट’च्या दुसऱ्या अक्षरावर सूर चढवला तो ‘अजून शब्द यायचेत’ हे सांगायला.

या धंद्यातला एक नियम मी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी सांगतो: एका शब्दातल्या दोन अक्षरांची थेट तुलना करून आघात ठरवायचा नाही. नामातला पहिला स्वर क्रियापदातल्या पहिल्या स्वराशी ताडायचा आणि दुसरा दुसऱ्याशी. जागा तीच, शेजार तोच, वाक्याचा सूर तोच ठेवायचा आणि फक्त आघात हलवायचा. मग जे बदलेल ते आघाताचं. इंग्रजीत हे जमतं, कारण नाम-क्रियापदाच्या अशा जोड्या तिथं आहेत. नामात पहिल्या अक्षरावर आघात, क्रियापदात दुसऱ्यावर.

या जोड्यांवरचं गाजलेलं काम डेनिस फ्राय यांचं, १९५५ आणि १९५८ सालचं. त्यांनी कृत्रिमरीत्या तयार केलेल्या आवाजात एकेक गोष्ट हवी तशी कमीजास्त केली आणि लोकांना ‘नाम ऐकू आलं की क्रियापद?’ एवढंच विचारलं. स्वराची लांबी बदलली की लोकांचं उत्तर झपाट्यानं बदलायचं. आवाजाचा मोठेपणा बदलला की बदलायचं, पण त्या मानानं कमी. पिचचा प्रकार निराळा निघाला. एका अक्षरावर सूर वर असला की लोक तिथं आघात ऐकायचे, पण सूर किती वर गेला याला फारसं महत्त्व नव्हतं. ‘आवाज मोठा म्हणजे आघात’ हे आपल्या मनात पक्कं बसलेलं असतं, आणि नेमकी तीच खूण या तिघींत कच्ची निघते.

शब्द तुम्ही चांगला निवडलात. बरेच जण ‘रेकॉर्ड’ घेतात आणि फसतात. त्यात र कुठं संपतो आणि स्वर कुठं सुरू होतो हे चित्रात दिसतच नाही, एकातून दुसऱ्यात घसरत जातं. ‘सब्जेक्ट’मध्ये वेगळी अडचण आहे. इंग्रजांच्या तोंडी नामातला पहिला स्वर आणि क्रियापदातला पहिला स्वर हे दोन वेगळे स्वर आहेत, पण आपल्या कानाला दोन्ही ‘अ’च. मराठी माणूस दोन्हीकडे तोच ‘अ’ वापरतो, त्यामुळे स्वराचा गुण बदलतो का हे तिथं तपासताच येत नाही. ‘ऑब्जेक्ट’मध्ये मात्र नामात ‘ऑ’ आणि क्रियापदात पुसट ‘अ’ (अब्‌जेक्ट असं काहीसं) असा ढळढळीत फरक व्हायला हवा. आपली मुलं तो करत नसतील तर लगेच दिसेल. सिनेमातल्या कोर्टात ‘ऑब्जेक्शन’ इतक्या वेळा ऐकलेलं असतं की ‘ऑ’ डोक्यात घट्ट बसलाय. इंग्रजीत तिथंही सुरुवातीला पुसट ‘अ’च आहे.

यादी बंद करा आणि वाक्यं द्या. मी ही दोन वापरतो: नामासाठी ‘टेक धिस ऑब्जेक्ट टुडे’ आणि क्रियापदासाठी ‘लेट अस ऑब्जेक्ट टुडे’. साधी दिसतात, पण ती जुळवायला मला एक दुपार लागली होती. दोन्हींत शब्दाच्या आधी दोनच अक्षरं आहेत. शब्दाच्या लगेच आधी दोन्हीकडे ‘स’ आहे, त्यामुळे स्वराची सुरुवात स्वच्छ दिसते. ‘द ऑब्जेक्ट’ घेतलं असतं तर स्वराला स्वर चिकटला असता आणि रेघ कुठं मारायची यावर भांडण झालं असतं. नंतर दोन्हीकडे ‘टुडे’, म्हणजे शब्द वाक्याच्या शेवटी पडत नाही. शेवटचं अक्षर बहुतेक भाषांत थोडंफार ताणलं जातं, त्या भानगडीतून सुटका.

आता सूर. आघात असलेल्या अक्षरावर वाक्याचा भर येऊन बसला तर पिच हलते. भर दुसऱ्या शब्दावर असेल तर आघात जागच्या जागी असतो, पण पिच तिथं जवळपास काहीच करत नाही. म्हणून पिचला आघाताची खूण म्हणण्यापेक्षा वाक्याच्या भराची खूण म्हणणं मला जास्त बरोबर वाटतं. हे वेगळं काढायला प्रत्येक वाक्य दोनदा घ्यायचं. पहिल्यांदा तुम्ही मुलाला विचारायचं, ‘दॅट ऑब्जेक्ट?’ आणि त्यानं ‘टेक *धिस* ऑब्जेक्ट टुडे’ असं, भर ‘धिस’वर देऊन, सांगायचं. क्रियापदासाठी ‘ते हरकत घेणार का?’ अशा अर्थाचा प्रश्न आणि ‘लेट *अस* ऑब्जेक्ट टुडे’ हे उत्तर. भर होऊन गेल्यावर ‘ऑब्जेक्ट’ सपाट सुरात येतो आणि उरतो तो निव्वळ शब्दाचा आघात. दुसऱ्या फेरीत भर ‘ऑब्जेक्ट’वरच ठेवायचा. काही मुलं ‘धिस’वर भर देऊनही पुढचा शब्द सपाट करत नाहीत. ती वेगळ्या रकान्यात टाका, टाकून देऊ नका.

रेकॉर्डिंगचं जरा सांगतो, कारण इथं मी स्वतः तोंडघशी पडलोय. सुरुवातीच्या काळात एका चांगल्या नावाजलेल्या फोनवर चाळीसेक माणसांची वाक्यं घेतली आणि महिनाभर मोजत बसलो. कुठल्याही दोन अक्षरांत एका डेसिबलच्या वर फरक निघेना. मला वाटलं, मोठा शोध लागला. नंतर कळलं की फोन हळू आवाज आपणहून वाढवतो आणि मोठा आवाज दाबतो, म्हणजे मी फोनच्या आतली करामत मोजत होतो. तुमच्या फोनमध्ये ही आपोआप पातळी बंद करता येत नसेल तर डेसिबलचा रकाना रिकामा ठेवा. लांबी आणि फॉर्मंट, म्हणजे तोंडाच्या आकारामुळं स्वरात ठळक होणाऱ्या वारंवारता, तरीही वापरता येतात. व्हॉट्सअॅपवर मागवलेले व्हॉइस नोट मात्र नकोत, ते दाबून लहान केलेले असतात. फाइल WAV, ४४१०० हर्ट्झ, १६ बिट घ्या. माइक ओठांपासून एक वीत अंतरावर, किंचित बाजूला ठेवा आणि मुलाला पुढंमागं डुलू देऊ नका. अंतर दुप्पट झालं की सुमारे ६ डेसिबल कमी होतात, आणि आघाताचा फरक त्याहून लहान असतो.

पत्र्याच्या वर्गखोलीत तर अजिबात नको. आवाज घुमतो, स्वराची शेपटी लांबते आणि लांबी खोटी येते. एप्रिल-मे मध्ये पंखा बंद करायला सांगितलं की मुलं रडकुंडीला येतात, म्हणून मी सकाळी सातला घेतो. सगळ्यात चांगली खोली मला एका विद्यार्थ्याच्या घरी, सोयाबीनची पोती रचून ठेवलेल्या कोठारात मिळाली. पोती आवाज पितात. ती नसतील तर दोन-तीन वाकळी भिंतीला आणि दाराला टांगा.

रेघा मारायची पद्धत एकदा ठरवा आणि मग बदलू नका. पहिला स्वर ‘स’ची खरखर संपून फॉर्मंटच्या काळ्या पट्ट्या दिसू लागतात तिथं सुरू होतो आणि ‘ब’साठी ओठ मिटल्यावर वरचे पट्टे जिथं पुसले जातात तिथं संपतो. खाली बारीक गुरगुर चालू राहते, ती ‘ब’ची, स्वराची नाही. दुसरा स्वर ‘ज’ची खरखर संपली की सुरू, ‘क’ची शांतता आली की बंद. टेक्स्टग्रिडमध्ये, म्हणजे प्राटच्या खुणांच्या फाइलमध्ये, या दोन तुकड्यांना `V1` आणि `V2` अशी नावं द्या, मग हे चालवा:

```
sound = selected ("Sound")
tg = selected ("TextGrid")
selectObject: sound
fmt = To Formant (burg): 0, 5, 5500, 0.025, 50
selectObject: tg
n = Get number of intervals: 1
for i to n
  selectObject: tg
  lab$ = Get label of interval: 1, i
  if lab$ = "V1" or lab$ = "V2"
    t1 = Get start time of interval: 1, i
    t2 = Get end time of interval: 1, i
    mid = (t1 + t2) / 2
    selectObject: fmt
    f1 = Get value at time: 1, mid, "hertz", "linear"
    f2 = Get value at time: 2, mid, "hertz", "linear"
    appendInfoLine: lab$, tab$, fixed$ ((t2 - t1) * 1000, 0), tab$, fixed$ (f1, 0), tab$, fixed$ (f2, 0)
  endif
endfor
```

साउंड आणि टेक्स्टग्रिड दोन्ही निवडून चालवायचं. ५५०० हा आकडा मुलींसाठी. आवाज फुटलेल्या मुलांसाठी ५००० करा, नाहीतर फॉर्मंट भलतीकडे पकडले जातात. मुलाच्या ‘ऑ’ला दुसरा फॉर्मंट अचानक २४०० आला तर समजा की मधला एक फॉर्मंट हुकला आणि तिसऱ्याला दुसरा म्हटलं गेलं. ‘ऑ’मध्ये पहिले दोन फॉर्मंट जवळजवळ असतात, त्यामुळे हे बऱ्याचदा होतं. आकडा विचित्र दिसला की चित्र उघडून बघायचं, सरासरीत ढकलायचं नाही.

आता तीन मुलं घेऊ. आकडे समजुतीसाठी रचलेले आहेत, पण अशा तीन तऱ्हा मला नेहमी भेटतात. तिन्हींत भर ‘धिस’ किंवा ‘अस’वर आहे, म्हणजे पिच बाजूला.

पहिली मुलगी. नामात पहिला स्वर ११८ मिलिसेकंद, दुसरा ९२. भागाकार १.२८. क्रियापदात पहिला ६४, दुसरा १२१. भागाकार ०.५३. भागाकार एवढ्यासाठी की ती एका वाक्यात भरभर बोलली आणि दुसऱ्यात सावकाश, तरी दोन्ही स्वर सारखेच आखडतात किंवा लांबतात, प्रमाण फारसं हलत नाही. १.२८ वरून ०.५३ म्हणजे आघात स्पष्ट हललाय. तिचे फॉर्मंटही तेच सांगतात. नामात पहिल्या स्वराचे पहिले दोन फॉर्मंट ७२० आणि ११५० हर्ट्झ, हा उघडा, ओठ गोल केलेला ‘ऑ’. क्रियापदात ६०० आणि १५५०. पहिला उतरला म्हणजे जबडा कमी उघडला, दुसरा चढला म्हणजे ओठांचा गोलावा गेला आणि जीभ मागून मधे आली. जीभ आणि ओठ कुठलंही काम न करता नुसते सैल सोडले तर घशापासून ओठांपर्यंतची नळी सगळीकडे सारख्या रुंदीची होते. साडेसतरा सेंटीमीटरच्या पुरुषी नळीचे फॉर्मंट ५००, १५००, २५०० असे येतात. मुलींची नळी आखूड, म्हणून आकडे थोडे वर. आघात नसलेला इंग्रजी स्वर या मधल्या जागेकडे सरकतो. त्याला पोचायला वेळच मिळत नाही हे एक कारण, आणि इंग्रजी बोलणारे तिथं मुद्दामच दुसरा स्वर वापरतात हे दुसरं.

दुसरा मुलगा. नामात १०९ आणि १०१, भागाकार १.०८. क्रियापदात १०६ आणि १०४, भागाकार १.०२. फॉर्मंट नामात ६१० आणि ९८०, क्रियापदात ६०० आणि १०००. डेसिबल दोन्हीकडे ७१ आणि ६८. हा मुलगा दोन्ही शब्द एकसारखेच म्हणतो. पण तुम्ही फक्त डेसिबल बघितले असते तर ‘तीन डेसिबल जास्त, म्हणजे पहिल्या अक्षरावर आघात, म्हणजे नाम बरोबर आणि क्रियापद चूक’ असा निकाल दिला असता. ते तीन डेसिबल ‘ऑ’च्या उघड्या तोंडाचे आहेत. त्याला ‘तू क्रियापदाचा आघात चुकवतोस’ असं सांगण्यात अर्थ नाही, कारण त्याच्याकडे ही जोडीच नाही, दोन्हींना एकच शब्द आहे.

तिसरी मुलगी सगळ्यात मजेशीर. नामात ११५ आणि ९५, भागाकार १.२१. क्रियापदात ७८ आणि ११८, भागाकार ०.६६. लांबी व्यवस्थित हलते, पण पहिल्या स्वराचे फॉर्मंट नामात ७१० आणि ११३०, क्रियापदात ६९० आणि ११७०, म्हणजे दोन्हीकडे पक्का ‘ऑ’. ही मुलगी आघात देते, फक्त स्वर पुसट करत नाही. कारण मराठीत हे होतच नाही. ‘सांगणारा’मधला कुठलाही आ जोर नाही म्हणून ‘अ’ होत नाही. तोंडी परीक्षा घेणारा अशा मुलीला कानावरून ‘आघात चूक’ म्हणून गुण कापतो, कारण त्याच्या कानाला पूर्ण ‘ऑ’ ऐकला की आघात तिथंच वाटतो. तुमच्या तक्त्यात ही मुलगी दुसऱ्या मुलाबरोबर एका खोक्यात जाता कामा नये. त्याला जोडीच शिकवायची आहे, हिला फक्त स्वर सोडायला शिकवायचा आहे.

तुमच्या २० जणांचे भर बाजूला असलेल्या फेरीतले, प्रत्येक वाक्याचे पाच पाच उच्चार घेतले तर २०० वाक्यं आणि ४०० स्वर होतात. रेघा मारायला मन लावून बसलात तर आठवड्याभराचं काम. त्यातली २० वाक्यं तुमच्या खुणा न दाखवता दुसऱ्या कुणाकडून पुन्हा खुणा करून घ्या. तुमच्या आणि त्यांच्या खुणांत सरासरी ८ मिलिसेकंदांचा फरक निघाला, तर ५ मिलिसेकंदांच्या फरकावर निष्कर्ष काढायचा नाही. पहिल्या मुलीचा फरक ५४ चा होता, तिथं ही चिंता नाही. दुसऱ्याचा ३ चा, तो शून्यच समजा.

भर ‘ऑब्जेक्ट’वर असलेल्या फेरीत पिच बघा, पण हर्ट्झमधे नको. मुलाचा १२० आणि मुलीचा २४० यांची वजाबाकी एका मापात बसत नाही. सेमीटोन काढा: `12 * log2(p2/p1)`, यात p1 म्हणजे पहिल्या स्वराच्या मध्यावरची पिच आणि p2 दुसऱ्याच्या. हार्मोनियमची एक पट्टी म्हणजे एक सेमीटोन. पिचची खालची-वरची मर्यादा मुलांना ७५ ते ३००, मुलींना १०० ते ५०० अशी लावा. आकडा अचानक निम्मा किंवा दुप्पट झाला तर तो यंत्राचा गोंधळ, मुलाचा नाही.

पहिल्या मुलीच्या नामात पहिल्या स्वराच्या मध्यावर २४५, दुसऱ्याच्या २०५. म्हणजे सुमारे ३ सेमीटोन खाली. क्रियापदात २१० वरून २५०, तितकंच वर. ही सरळ इंग्रजी चाल. दुसरा मुलगा नामातही १२२ वरून १४८ वर जातो, ३.३ सेमीटोन, आणि क्रियापदातही तेवढाच. इथं तुमच्या प्रश्नातला दुसरा भाग येतो. हिंदी आणि बंगालीत वाक्याच्या मधल्या शब्दांवर सूर खालून वर चढतो हे चांगलं नोंदलेलं आहे, आणि माझ्या कानाला आपल्या नांदेड-लातूरकडच्या बोलण्यातही तीच चाल ऐकू येते. बंगालीत तर जोराचं अक्षर खालच्या सुरावर असतं आणि चढ त्याच्या पुढं होतो. ही सवय इंग्रजीत आली की सगळ्यात उंच सूर जोराच्या अक्षरानंतरच्या अक्षरावर पडतो. ‘पिच जिथं उंच तिथं आघात’ हा इंग्रजी पुस्तकातला नियम लावलात तर अशा प्रत्येक मुलाच्या बाबतीत उत्तर एक अक्षर पुढं सरकेल. म्हणून उंची बघू नका, नाम आणि क्रियापद यांत वळणाची जागा बदलते का ते बघा. दोन्हीत एकच वळण आलं तर ते वाक्याचं.

डेसिबलला तुम्ही अगदीच टाकून देऊ नये म्हणून एक वाट सांगतो. जोर लावून बोललं की घशातल्या स्वरतंतूंची मिटण्याची क्रिया फटकन होते. त्यानं एकूण आवाज थोडाच वाढतो, पण वरच्या भागातली, म्हणजे साधारण ५०० हर्ट्झच्या वरची शक्ती खालच्या भागापेक्षा जास्त वाढते. डच भाषेवर स्लाउटर आणि व्हॅन ह्यूव्हेन यांनी १९९६ मध्ये हे दाखवलं. वाक्याचा भर बाजूला काढल्यावर एकूण डेसिबल दुबळे पडले आणि वर-खालच्या शक्तीचं हे प्रमाण लांबीच्या जवळपास विश्वासाचं ठरलं. तुम्ही एकाच स्वराचे ५०० च्या खालचे आणि वरचे डेसिबल गाळून वेगवेगळे मोजा आणि वजाबाकी करा. फोन पातळी हलवत असला तरी एका क्षणातले दोन्ही भाग बरोबरच हलतात, हा त्यातला फायदा. अट एकच, स्वर बदललेला नसावा. स्वर बदलला की फॉर्मंट सरकतात आणि शक्तीची वाटणी त्यानंच बदलते. म्हणून पहिल्या मुलीच्या ‘ऑ’ आणि पुसट ‘अ’ची तुलना इथं निरुपयोगी. तिसऱ्या मुलीचे दोन ‘ऑ’ चालतील. दोन्हीकडे दुसऱ्या अक्षरात ‘ए’च म्हणणाऱ्या मुलांचा दुसरा स्वरही चालेल.

स्टाफरूममधल्या मराठीच्या शिक्षकांनी ‘आपल्याकडेही आघात आहे की, दर्या आणि दऱ्या’ असं म्हटलं तर गोंधळू नका. वृत्त शिकवताना ते ज्याला आघात म्हणतात तो खरा आहे, पण दुसराच आहे. ‘दर्या’ (समुद्र) मध्ये र मागच्या अक्षराला चिकटतो, दर्‌-या असा तुटतो, आणि द गुरू होतो. ‘दऱ्या’ (डोंगरातल्या) मध्ये द-ऱ्या असा तुटतो आणि द लघूच राहतो. म्हणजे तिथं शब्द कुठं तोडायचा एवढाच प्रश्न आहे. तो मोजायचा तर पिच आणि डेसिबल सोडून द नंतरचा र-य चा तुकडा मोजावा लागतो. नुसता आघात हलवला आणि अर्थ बदलला, अशी ‘ऑब्जेक्ट’सारखी जोडी मराठीत नाही. म्हणूनच तुमच्या दुसऱ्या मुलाला ती ऐकूही येत नसेल. त्याला म्हणायला लावण्याआधी पहिल्या मुलीच्या दहा फायली उलटसुलट ऐकवा आणि नाम कुठलं, क्रियापद कुठलं ते लिहून द्यायला सांगा. पाच-सहाच बरोबर आले तर तो अंदाजानं लिहितोय, आणि शिकवणी कानापासून सुरू करावी लागेल.